नकारानंतरचा एक ईमेल: सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या मुलाखतीचं प्रकरण

मुलाखत होते, काही दिवस जातात आणि मग दोन ओळींचा नकार येतो. त्यानंतर कंपनीला ‘माझं कुठे कमी पडलं?’ असं विचारणारा मेल बरेच जण पाठवतात. बहुतेकांना उत्तर येत नाही, किंवा आलं तरी त्यातून काही कळत नाही. कंपन्या माणूसघाण्या असतात म्हणून असं होतं, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते बहुतेक वेळा प्रश्नच असा विचारलेला असतो की त्याचं उत्तर देणं समोरच्याला शक्य नसतं. हे नीट कळावं म्हणून एकच प्रकरण शेवटपर्यंत पाहू. ते समजावून सांगण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातल्या पायऱ्या पुणे परिसरातल्या भरतीत नेहमी दिसणाऱ्या आहेत.

उमेदवार मेकॅनिकल इंजिनिअर आहे. भोसरीतल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात क्वालिटी विभागात तिला चार वर्षं झाली आहेत. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तिने सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज केला. या कामात पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाची गुणवत्ता सांभाळायची असते, तक्रार आली की पुरवठादाराकडून तिचं मूळ शोधून घ्यायचं असतं आणि त्याच्या कारखान्यात जाऊन ऑडिटही करायचं असतं.

पहिल्या फेरीत एचआरच्या मॅडमचा पंधरा मिनिटांचा फोन आला. नोटिस पीरियड किती, सध्याचा पगार किती, अपेक्षा काय, एवढंच बोलणं झालं. दुसरी फेरी एका सीनिअर इंजिनिअरबरोबर ऑनलाइन, पाऊण तास. तिसरी बुधवारी प्लांटवर, क्वालिटी हेड आणि पर्चेस हेड यांच्यासमोर. तिथे तिला एक प्रश्न सोडवायला दिला: ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर अॅल्युमिनिअमची काही डायकास्ट हाउसिंग, म्हणजे साच्यात ओतून बनवलेली कवचं, गळताना सापडली आहेत, पुरवठादाराकडे मात्र तीच हाउसिंग लीक टेस्टमध्ये पास झालेली आहेत, तर याचं एट-डी मांडा. एट-डी म्हणजे तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडण्याची पद्धत. व्हाइटबोर्ड आणि अर्धा तास मिळाला.

नऊ दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, भरतीच्या पोर्टलवरून मेल आला. आपल्या अर्जाबद्दल आभारी आहोत, आम्ही अन्य उमेदवारांसह पुढे जात आहोत, शुभेच्छा.

पहिला मसुदा, जो पाठवायला नको होता

अशा वेळी सुचतो तो मेल साधारण असा असतो:

> आदरणीय सर/मॅडम, आज आपला मेल वाचून मला खूप वाईट वाटलं. माझ्या मते तिन्ही फेऱ्या चांगल्या झाल्या होत्या आणि मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. माझी निवड का झाली नाही याचं कारण कृपया कळवावं. माझ्यात काय कमी आहे हे समजलं तर मी नक्की सुधारणा करेन. कंपनीत दुसरी कोणतीही जागा असल्यास माझा विचार व्हावा. सोबत सुधारित सीव्ही जोडला आहे.

यात उद्धट काहीच नाही, तरीही या मेलला उत्तर येण्याची शक्यता फार कमी आहे. मॅडमच्या बाजूने वाचून पाहिलं की कारण दिसतं.

‘निवड का झाली नाही’ या प्रश्नाचं खरं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्या उमेदवाराबद्दल असतं. कोणाचा अनुभव जास्त होता, कोणी कमी पगारात तयार होता, कोणाला नोटिस पीरियड नव्हता, तर कधी जागा आतल्याच माणसाला गेली. यातलं काहीही बाहेरच्या व्यक्तीला लेखी कळवता येत नाही. शिवाय हा प्रश्न निर्णयाचा जाब मागतो. ‘मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती’ हे वाक्य आधी आल्यामुळे जे कारण सांगू त्यावर वाद होणार, असं मॅडमना वाटणं साहजिक आहे. उत्तर दिलं की दुसरा मेल येईल आणि मग तिसरा. त्यापेक्षा गप्प राहणं बरं.

दुसरी अडचण याहून साधी आहे. एट-डीच्या फेरीत मॅडम नव्हत्याच. त्यांच्याकडे क्वालिटी हेडने भरून दिलेला मूल्यमापनाचा फॉर्म असतो. त्यात बहुधा प्रत्येक निकषापुढे आकडा आणि खाली एक-दोन शब्दांचा शेरा, याहून जास्त काही नसतं. ‘माझ्यात काय कमी आहे’ याचं उत्तर त्यावरून देता येत नाही. ते क्वालिटी हेडला विचारावं लागेल, आणि विचारायचं तर नेमकं काय विचारायचं हे मेलमधूनच कळायला हवं.

तिसरं म्हणजे दुसऱ्या जागेची विनंती आणि नवा सीव्ही. एका मेलमध्ये दोन मागण्या असल्या की सोप्या मागणीला उत्तर मिळतं. ‘आपला सीव्ही आमच्याकडे नोंदवून ठेवला आहे’ एवढं लिहिलं की मेल निकालात निघाला. अभिप्रायाचा भाग तिथेच राहतो.

मेल लिहिण्याआधीचं काम

चांगला प्रश्न विचारायचा तर मुलाखतीत काय झालं ते नेमकं आठवावं लागतं, आणि नऊ दिवसांनी ते आठवत नाही. म्हणून मुलाखत झाली त्याच संध्याकाळी वहीत एक पान लिहून ठेवावं. कोणते प्रश्न आले, मी काय बोलले आणि समोरच्याने त्यावर पुढे काय विचारलं, या तीन गोष्टी पुरतात. ‘उत्तर चांगलं गेलं’ असे शेरे लिहू नयेत, कारण ते आपल्या मनःस्थितीबद्दल असतात.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगाची. मुलाखत घेणारा एकाच ठिकाणी शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर त्याला हवं ते अजून मिळालेलं नाही हे नक्की. या प्रकरणातल्या पानावर असं दिसतं: उमेदवाराने ‘डायवर, म्हणजे साच्यावर, रिलीज एजंटचा स्प्रे नीट झाला नाही, ऑपरेटरला प्रशिक्षण द्यावं’ असं मूळ कारण आणि उपाय मांडल्यावर क्वालिटी हेडने विचारलं, ‘बरं, आणि?’ मग, ‘प्रशिक्षण दिलं, सहा महिन्यांनी ऑपरेटर बदलला तर?’ आणि शेवटी, ‘पुरवठादाराकडे लीक टेस्ट होतीच ना?’ त्या वेळी तिला हे तीन वेगळे प्रश्न वाटले होते. कागदावर एकाखाली एक आले की ते एकाच दिशेने ढकलत होते हे दिसतं.

म्हणजे कच्चा दुवा कुठे असावा याचा अंदाज मेल लिहिण्याआधीच हाताशी आहे. मेलचा उपयोग तो अंदाज बरोबर आहे का हे तपासण्यासाठी होतो. ज्याला काहीच अंदाज नाही त्याचा प्रश्न मोघम होतो आणि मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येतं.

कोणाला पाठवायचा, कधी पाठवायचा

पोर्टलवरून आलेल्या मेलला उत्तर दिलं तर ते कोणी वाचत नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात noreply असं असेल तर शंकाच नको. खरा पत्ता दुसऱ्या फेरीच्या कॅलेंडर निमंत्रणात सापडतो, कारण ते एचआरच्या माणसाने स्वतः पाठवलेलं असतं. मेल तिथेच, त्याच साखळीत उत्तर म्हणून पाठवावा. मागचा सगळा पत्रव्यवहार खाली राहतो, त्यामुळे हा उमेदवार कोण हे मॅडमना शोधावं लागत नाही. एका वेळी दहा-पंधरा जागा हाताळणाऱ्या माणसासाठी एवढीही सोय महत्त्वाची ठरते.

क्वालिटी हेडला थेट मेल करावा का? त्यांनी स्वतः पत्ता दिला असेल किंवा आधी त्यांच्याशी मेलवर बोलणं झालं असेल तरच. नाहीतर एचआरला डावलून गेल्यासारखं होतं, आणि बऱ्याच कंपन्यांत मुलाखत घेणाऱ्यांनी उमेदवाराशी थेट बोलू नये असा नियम असतो. ते मेल एचआरकडे ढकलतात आणि एचआरपुढे आपली पहिली ओळख ‘परस्पर गेलेला उमेदवार’ अशी होते. व्हॉट्सअॅपवर विचारणं तर टाळावंच. प्लांटवर आत घेण्यासाठी दिलेला नंबर त्या कामापुरताच असतो.

अर्ज कन्सल्टंसीमार्फत गेला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी कन्सल्टंटला फोन करावा, मेल नको. पुढचा उमेदवार बरोबर पाठवता यावा म्हणून कंपनीने त्याला खरं कारण तोंडी सांगितलेलं असतं, आणि फोनवर तो ते मोकळेपणाने सांगतो.

वेळेबद्दल सांगायचं तर नकार आल्याच्या संध्याकाळी मेल पाठवू नये. त्या वेळच्या भाषेत दुखावलेपण उतरतंच, आपल्याला ते दिसत नाही एवढंच. फार उशीरही चालत नाही, कारण पंधरा-वीस दिवसांत क्वालिटी हेडने आणखी मुलाखती घेतलेल्या असतात आणि कोणी काय मांडलं ते पुसट होतं. एक ते पाच कामाचे दिवस ही मुदत बरी. या प्रकरणात नकार शुक्रवारी संध्याकाळी आला, तर मेल मंगळवारी सकाळी जावा. सोमवार सकाळ आठवडाभराच्या बैठकांत जाते. मार्चचा शेवटचा आठवडा आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा शक्यतो टाळावा. वर्षअखेर, अप्रेझल आणि पगारवाढीच्या पत्रांत एचआर बुडालेलं असतं.

पाठवलेला मेल

प्रत्यक्षात हा मेल इंग्रजीतून जाईल, कारण कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीतच चालतो. आशय कळावा म्हणून इथे मराठीत दिला आहे.

> विषय: सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, प्लांटवरील मुलाखत: एका मुद्द्यावर अभिप्रायाची विनंती
>
> नमस्कार मॅडम,
>
> निर्णय कळवल्याबद्दल धन्यवाद. प्लांटवरच्या फेरीसाठी आपण आणि टीमने वेळ दिलात त्याबद्दलही आभारी आहे.
>
> पुढच्या तयारीसाठी एक विनंती आहे. त्या फेरीत मला गळणाऱ्या हाउसिंगच्या तक्रारीवर एट-डी मांडायला सांगितलं होतं. माझी मूळ कारणाची मांडणी पुरेशी खोल गेली नाही असं मला वाटतं. क्वालिटी हेड सरांना त्या मांडणीत नेमकं काय कमी वाटलं, हे एक-दोन ओळींत कळू शकेल का?
>
> निर्णयाबद्दल माझा प्रश्न नाही, आणि असा अभिप्राय देणं कंपनीच्या धोरणात बसत नसेल तर मी समजू शकते.
>
> आपली विश्वासू,
> (पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)

मोबाइलच्या एका पडद्यावर मावतो इतकाच हा मेल आहे, आणि लांबी तेवढीच ठेवावी. पण कमी शब्दांहून महत्त्वाचं आहे ते प्रत्येक वाक्याचं काम.

‘निर्णयाबद्दल माझा प्रश्न नाही’ हे वाक्य मॅडमची मुख्य भीती काढतं. ते शेवटी ठेवलं आहे, कारण सुरुवातीला आलं तर बचावासारखं वाटतं. मात्र हे लिहिल्यावर तसं वागावंही लागतं. पुढे उत्तर आलं की वाद घालायची मुभा यातून आपणच सोडलेली आहे.

‘मूळ कारणाची मांडणी पुरेशी खोल गेली नाही असं मला वाटतं’ हे वाक्य बऱ्याच जणांना खटकतं. आपलीच चूक आपण का दाखवून द्यायची? निर्णय झालेला आहे, त्यामुळे नुकसान काही होत नाही. फायदा मात्र मोठा आहे. क्वालिटी हेडला आता कडू बातमी सांगायची नाही, फक्त ‘हो’ म्हणून एक ओळ जोडायची आहे, किंवा ‘नाही, ते ठीक होतं, अडचण दुसरीच होती’ असं सांगायचं आहे. दोन्ही उत्तरं उपयोगाची.

आणि ‘एक-दोन ओळींत’. मॅडमना हा प्रश्न क्वालिटी हेडला जेवणाच्या सुट्टीत तोंडी विचारता येतो. ज्या विनंतीसाठी बैठक लावावी लागेल ती मागे पडते.

विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि फेरी आहे, ‘फीडबॅक’ हा एकटा शब्द नाही. फक्त ‘फीडबॅक’ लिहिलेल्या मेलमध्ये तक्रार असेल असंच एचआरला वाटतं.

शांतता, आणि मग उत्तर

सात कामाचे दिवस काहीच आलं नाही. हे नेहमीचं आहे. आठव्या दिवशी त्याच साखळीत तीन ओळी जाव्यात: ‘नमस्कार मॅडम, मागच्या आठवड्यातला मेल पुन्हा वर यावा म्हणून लिहिते आहे. वेळ मिळाल्यास वरच्या एका मुद्द्यावर सरांचं मत कळवावं. शक्य नसेल तरी काही हरकत नाही.’ प्रश्न पुन्हा लिहू नये, तो खाली आहेच. याला उत्तर आलं नाही तर तिथे थांबावं. तिसरा मेल गेला की पुढच्या जागेसाठी आपला अर्ज आल्यावर एचआरला आधी तो तिसरा मेल आठवतो.

या प्रकरणात दुसऱ्या मेलनंतर दोन दिवसांनी उत्तर येतं:

> नमस्कार, सरांशी बोलले. तुमची एकूण तयारी चांगली होती. एट-डीमध्ये तातडीचे उपाय व्यवस्थित मांडले होते, पण कारण ऑपरेटरपाशी थांबलं आणि दोष टेस्टमधून सुटला कसा याकडे तुम्ही वळला नाहीत. या जागेसाठी पुरवठादाराकडे स्वतंत्र ऑडिट केल्याचा अनुभवही हवा होता. शुभेच्छा.

अशा उत्तरातली सगळी वाक्यं सारख्या वजनाची नसतात. ‘एकूण तयारी चांगली होती’ हे सौजन्य आहे, ते बाजूला ठेवावं. त्यावरून ‘म्हणजे थोडक्यात हुकलं’ असा अर्थ काढणं ही सगळ्यात मोठी चूक. दुसरं वाक्य खरा अभिप्राय आहे, कारण त्यात घडलेल्या गोष्टीचा उल्लेख आहे आणि तो वहीतल्या पानाशी ताडून पाहता येतो. ‘बरं, आणि?’ आणि ‘लीक टेस्ट होतीच ना?’ हे प्रश्न तिथे आहेतच, म्हणजे दोन्हीकडून एकच गोष्ट येते आहे. तिसरं वाक्य उमेदवाराच्या कामगिरीबद्दल नाही, जागेच्या अपेक्षेबद्दल आहे. त्याचा विचार वेगळा करायचा.

याला उत्तर म्हणून दोन ओळी, त्याच दिवशी: आभार, आणि ‘टेस्टमधून दोष सुटण्याचा भाग मी मांडला नाही हे पटलं, त्यावर काम करेन’. मोह असतो तो इथेच. या उमेदवाराने आपल्या कारखान्यात मोजमाप पद्धतीचा अभ्यास केलेला आहे, गेज आर अँड आर तिला येतं, फक्त त्या अर्ध्या तासात ते बोलायचं सुचलं नाही. ‘खरं म्हणजे मला हे येतं’ असं लिहावंसं वाटतं. लिहू नये. मुलाखत पुन्हा होत नाही, आणि मॅडमनी क्वालिटी हेडला विचारण्याची तसदी घेतली याचा त्यांना पश्चात्ताप मात्र होतो. पुढच्या वेळी दुसरा कोणी उमेदवार विचारेल तेव्हा त्या विचारणार नाहीत.

अभिप्रायाचं पुढे काय करायचं

आता खरं काम सुरू होतं, आणि बरेच जण इथेच सोडून देतात. ‘मूळ कारणात कमी पडलो’ अशी नोंद करून ‘एट-डीचा कोर्स करावा’ असं ठरवतात. पण अभिप्राय एट-डी येत नाही असं म्हणत नाही. तो एका पायरीवरच्या एका फांदीबद्दल बोलतो.

एट-डीच्या चौथ्या पायरीत दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: दोष तयार का झाला, आणि तयार झालेला दोष पकडला का गेला नाही. उमेदवाराने फक्त पहिला घेतला, आणि त्यातही ती माणसापाशी थांबली. तोच प्रश्न घरी बसून पुन्हा सोडवायचा तर तो असा उलगडतो.

हाउसिंग गळतं, कारण कास्टिंगमध्ये सच्छिद्रता आहे. डायकास्टिंगमध्ये ती दोन प्रकारची असते: हवा किंवा वायू अडकून झालेली आणि धातू थिजताना आकसल्यामुळे झालेली. गळणारा भाग कापून पाहिला की बहुधा फरक कळतो. वायूची छिद्रं गोल आणि गुळगुळीत असतात, आकसण्याची वेडीवाकडी आणि खडबडीत. समजा छिद्रं गोल निघाली. मग वायू बाहेर का गेला नाही? डायमधून हवा बाहेर जाण्याच्या वाटा, म्हणजे व्हेंट, बुजल्या होत्या. त्या वेळेवर साफ का झाल्या नाहीत? वेळापत्रकात ‘दर शिफ्टला एकदा’ आहे, पण मागणी वाढल्यावर शिफ्टमधले शॉट, म्हणजे डायमध्ये धातू भरण्याचे फेरे, वाढले आणि साफसफाईचं अंतर तेच राहिलं. इथे कारण ऑपरेटरपाशी थांबत नाही, ते वेळापत्रक बांधण्याच्या पद्धतीपर्यंत जातं. उपायही बदलतो: साफसफाई शॉटच्या आकड्याला जोडा आणि काउंटर भरला की मशीन थांबू द्या. क्वालिटी हेडने विचारलेल्या ‘ऑपरेटर बदलला तर?’ याचं उत्तर यात आपोआप येतं.

दुसरी फांदी टेस्टची. गळणारं हाउसिंग पुरवठादाराकडे पास कसं झालं? फिक्स्चरचं रबर सील झिजलं असेल तर सहसा चांगला भाग नापास होतो, वाईट भाग पास होत नाही, त्यामुळे ते कारण इथे बसत नाही. मग उरतं ते हे: टेस्टचा दाब किंवा थांबण्याचा वेळ उत्पादन वाढवण्यासाठी कमी केला गेला, स्वीकाराची मर्यादा सैल केली गेली, किंवा ठरावीक गळतीचा नमुना भाग, म्हणजे मास्टर, लावून यंत्र तपासणं बंद पडलं आणि यंत्राची संवेदनशीलता घसरल्याचं कोणाला कळलं नाही. यातलं कोणतं खरं हे पुरवठादाराच्या शिफ्टच्या नोंदी आणि सेटिंगमधले बदल पाहून ठरवता येतं. शेवटी खात्री करायची: संशयित कारण मुद्दाम आणलं तर दोष येतो का, आणि काढलं तर जातो का. दोन्ही दिशांनी दाखवता आलं नाही तर तो अजून अंदाजच आहे.

हे एकदा स्वतः लिहून काढलं, मग भोसरीच्या कारखान्यातल्या आपल्या दोन-तीन जुन्या तक्रारी याच दोन फांद्यांनी पुन्हा मांडल्या, की सवय बदलते. पुढच्या मुलाखतीत प्रश्न कास्टिंगचा नसेल, वेल्डिंगचा किंवा प्लेटिंगचा असेल, पण ‘तयार का झाला’ लिहिताना ‘सुटला कसा’ हा दुसरा रकाना बोर्डवर आधीच आखलेला असेल.

ऑडिटच्या अनुभवाचं वाक्य असं घरी बसून भरून निघत नाही. आधी जाहिरात पुन्हा वाचावी. ऑडिटचा अनुभव तिथे आवश्यक म्हणून लिहिलेला असेल आणि तरीही बोलावलं गेलं असेल, तर बाकीच्या गोष्टींमुळे त्यांनी ती अट सैल धरली होती आणि शेवटच्या तुलनेत ती आड आली. जाहिरातीत नसेल तर पुढच्या अर्जांसाठी ही नवी माहिती आहे. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ 16949 या मानकात पुरवठादाराचं ऑडिट करणाऱ्याच्या पात्रतेसाठी स्वतंत्र कलम आहे, म्हणून कंपन्या याकडे बारकाईने पाहतात. अंतर्गत ऑडिटरचं प्रमाणपत्र सीव्हीवर चांगलं दिसतं, पण ‘स्वतंत्र’ हा शब्द त्याने भागत नाही. सध्याच्या साहेबांना सांगून पुरवठादाराच्या भेटींना बरोबर जाणं, आधी निरीक्षक म्हणून आणि मग एखाद्या प्रक्रियेचा भाग स्वतः तपासून अहवाल लिहिणं, हा रस्ता लांबचा पण खरा आहे. तोवर, ज्या जागांवर ऑडिट मुख्य काम आहे तिथे अर्ज करण्याऐवजी तक्रारी आणि आवक तपासणी मुख्य असलेल्या जागा निवडाव्यात.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. हा एका माणसाचा, एका फेरीतला अभिप्राय आहे. एट-डीबद्दलचं मत वहीतल्या पानाशी जुळलं म्हणून त्यावर काम करायचं. जुळलं नसतं, तर दुसऱ्या मुलाखतीत तीच गोष्ट पुन्हा समोर येईपर्यंत थांबायला हवं होतं. एका ओळीवरून सीव्ही उलटापालटा करणारे पुढच्या ठिकाणी वेगळंच ऐकतात आणि गोंधळतात.

हा मेल कुठे चालत नाही

सीव्हीवरच नकार आला असेल तर हा मेल पाठवू नये. आपल्याला कोणी भेटलेलंच नाही, त्यामुळे सांगण्यासारखं कोणाकडे काही नसतं. एचआरच्या पहिल्या फोननंतर नकार आला तर कारण बहुधा पगार, नोटिस किंवा ठिकाण यांपैकी एक असतं. ते मेलवर विचारण्यापेक्षा त्या फोनमध्ये आपण काय आकडे सांगितले ते आठवावं. मेल खरा उपयोगी पडतो तो तांत्रिक फेरीनंतर, आणि सगळ्यात जास्त शेवटच्या फेरीनंतर.

सरकारी भरतीत हा रस्ताच नाही. तिथे आपले गुण किंवा नोंदी मागायच्या असतील तर माहिती अधिकार कायदा 2005 खाली अर्ज करता येतो. केंद्राच्या कार्यालयांसाठी आणि महाराष्ट्रातही शुल्क 10 रुपये आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत 30 दिवस. पण त्यातून कागदावर असेल तेवढीच माहिती मिळते, ‘काय सुधारू?’ याचं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतं.

जर्मनीत नोकरी शोधणाऱ्या मराठी इंजिनिअरांनी तिथला कायदाही लक्षात घ्यावा. 2006 च्या समान वागणुकीच्या कायद्यानुसार नाकारलेला उमेदवार नकार मिळाल्यापासून दोन महिन्यांत भेदभावाबद्दल भरपाईची लेखी मागणी करू शकतो. आपलं एखादं वाक्य पुरावा ठरेल या धास्तीने तिथल्या कंपन्या नकाराची कारणं लेखी द्यायला फार कचरतात. तिथे मेलमध्ये प्रश्न लिहिण्याऐवजी दहा मिनिटांच्या फोनची वेळ मागावी आणि तो एकच तांत्रिक मुद्दा फोनवर विचारावा. फोनवरही ‘मला का नाकारलं’ याकडे वळलो की बोलणं संपतं.

चाकणच्या कंपनीत पुन्हा अर्ज करायचा असेल तर आधी पोर्टलवर पुन्हा अर्जाची मुदत पाहावी. काही कंपन्यांत ती सहा महिने असते, काहींत वर्षभर. अर्ज केल्यावर मॅडमना त्याच जुन्या साखळीत एक मेल करावा आणि त्यात दोनच गोष्टी लिहाव्यात: त्यांच्या अभिप्रायानंतर कोणत्या तक्रारीवर दोन्ही फांद्यांनी काम केलं आणि आतापर्यंत किती पुरवठादार भेटींत भाग घेतला.